फी पावतीसाठी कार्यालयाला अर्ज: तपासलेला मसुदा

प्रश्न: "सर, मी एसवायबीकॉमला आहे. १२ जुलैला यूपीआयने फी पे केली, पैसे कट झाले पण अजून रिसीट आली नाही. स्कॉलरशिपसाठी अर्जंट पाहिजे. तरी कृपया मला डुप्लिकेट रिसीट लवकर द्यावी ही नम्र विनंती." कॉलेजच्या ऑफिसला असं लिहिलंय. औपचारिक भाषेत तपासून द्याल का?

आधी 'डुप्लिकेट' काढा. मिळालेली पावती हरवली तर दुय्यम प्रत मागतात. तुम्हाला मूळ पावतीच मिळालेली नाही. 'डुप्लिकेट' वाचून क्लार्क जुनी पावती शोधत बसेल, आणि ती नोंदीत सापडणार नाही.

दुसरी अडचण भाषेची नाही, मजकुराची आहे. कार्यालयाला तुमची रक्कम बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधावी लागते, आणि नुसत्या तारखेवरून ती सापडत नाही. त्या दिवशी तेवढीच फी अनेकांनी भरलेली असते. यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. तो लिहाच. पैसे वडिलांच्या खात्यातून गेले असतील तर स्टेटमेंटमध्ये तुमचं नाव नसेल, म्हणून खातेदाराचं नावही द्या.

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
(महाविद्यालयाचे नाव)

विषय: भरलेल्या शुल्काची पावती मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
मी द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकत आहे (पीआरएन क्र. ......). दि. १२ जुलै रोजी मी वडिलांच्या (श्री. ......) खात्यातून यूपीआयद्वारे रु. ...... इतके शुल्क भरले. यूटीआर क्र. ...... असून रक्कम खात्यातून वजा झाली आहे. मात्र पावती अद्याप मिळालेली नाही. महाडीबीटी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत ती दि. ...... पर्यंत जोडायची आहे. तरी पावती त्यापूर्वी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू / आपली विश्वासू,
(नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक)
सोबत: व्यवहाराचा तपशील, बँक पासबुकातील नोंदीची प्रत.

'अर्जंट' आणि 'लवकर' यांच्या जागी तारीख टाकली आहे. घाई किती आहे ते तारखेवरूनच कळतं. 'कृपया' आणि 'नम्र विनंती' दोन्ही एका वाक्यात नकोत, एक पुरे. विषयात 'शुल्क' लिहिलं की खालीही 'शुल्क'च ठेवा, मध्येच 'फी' नको. 'उपरोक्त विषयास अनुसरून' मी मुद्दाम घातलेलं नाही. ते चुकीचं नाही, पण विषय नुकताच वर लिहिलेला असतो.

देण्यापूर्वी ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती बघा. 'प्रलंबित' किंवा 'अयशस्वी' दिसत असेल तर पैसे बहुधा कॉलेजपर्यंत पोहोचलेले नाहीत. कार्यालय पावती देऊ शकणार नाही, आधी बँकेकडे चौकशी करावी लागेल. 'यशस्वी' असेल तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. शिष्यवृत्तीची मुदत जवळ आली आणि पावती आलीच नाही, तर प्राचार्यांकडे जाताना तीच प्रत दाखवता येईल.