केसांभोवतीची पांढरी कड कशी घालवायची

व्हिडिओ कॉलवर पार्श्वभूमीला चित्र लावल्यावर तुझ्या केसांभोवती जी पांढरी कड दिसते, ती तुझ्यामागच्या खऱ्या भिंतीची आहे. सॉफ्टवेअर माणूस कापून घेतं तेव्हा केसांच्या बटांमधून मागची भिंतही थोडी सोबत येते. तुझी भिंत पांढरी आणि चित्र गडद निळं, म्हणून ती कड उठून दिसते. चित्राचा रंगच भिंतीच्या जवळ आण: 1920×1080 च्या कॅनव्हासवर फिकट राखाडी घे, डोक्यामागचा भाग अगदी सपाट ठेव. कुंडी, पुस्तकं, लोगो हवेच असतील तर कडेला, थोडे धूसर करून. खांद्यामागे उभ्या रेघा नकोत. कड हलली की त्या तुटक दिसतात. मग कॅमेऱ्यासमोर मान हलवून बघ. खुर्चीची पाठ मधूनच उगवत असेल, तर मात्र चित्र बदलून भागणार नाही, खुर्चीच बदल.