कोड्यात ‘गगन’ बसलं, तरी थांबा

सांगलीहून भाचीनं शाळेच्या वर्कशीटचा फोटो पाठवला होता. समानार्थी शब्दांचं कोडं. तुम्ही नव्यानं सोडवताय, म्हणून तेच सांगतो.

आडवा १, ‘आकाश’, तीन चौकोन. तिनं ‘गगन’ लिहिलं. अर्थ बरोबर, चौकोनही बरोबर. पण तिसऱ्या चौकोनातून उभा शब्द सुरू होतो: ‘रात्र’, तीन चौकोन. न पासून रात्र कुठली? ‘निशा’ सुचते, पण न आणि नि एका चौकोनात चालत नाहीत. शिवाय ती दोनच अक्षरी. म्हणजे चूक वरची. ‘अंबर’ घातलं की र वरून ‘रजनी’ येते आणि तिच्या नी वरून आडवा ‘नीर’, सूचना ‘पाणी’. तिन्ही जुळले. नुसता ‘नीर’ पाहून ‘रजनी’ पक्की धरू नका. ‘यामिनी’ही नी नंच संपते. पहिलं अक्षर तपासा.

मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातलं अर्धं अक्षर यांना वेगळा चौकोन नसतो, ‘अं’ एकच.

फोटो मात्र झूम करून वाचा. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. पुसट वेलांटीनं अख्खं उत्तर बदलतं. दिसत नसेल तर अंदाज न करता फोटो पुन्हा मागवा.