काटकोन ४४ की ४८: उत्तरतालिकेवरील आक्षेप कसा लिहावा

प्रश्न: काल पहिली उत्तरतालिका लागली. "एका दिवसात घड्याळाचे काटे किती वेळा काटकोनात येतात" याला मी ४४ लिहिले होते, त्यांनी ४८ दिले आहे. त्याखालच्या प्रश्नात काटे एकमेकांवर येण्याचे उत्तर २४ दिले आहे, मला २२ येते. क्लासचे सर म्हणतात तुझेच बरोबर, पण सूत्रापलीकडे काही सांगत नाहीत. प्रत्येक आक्षेपाला शुल्क आहे आणि मुदत परवा संपते. काय लिहू?

उत्तर: तुमची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. काही वर्षांपूर्वी एका भरती परीक्षेत मला याच ४८ ने छळले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी ना गणिताचा शिक्षक आहे ना वकील. शुल्क, मुदत आणि पुराव्याचे नियम प्रत्येक जाहिरातीत वेगळे असतात, तेव्हा ते तुमच्या सूचनापत्रातच पाहा. कोन काढण्याचे सूत्र तुम्हाला येतेच, ते पुन्हा सांगत नाही.

माझ्या आक्षेपात गणिताची बाजू कुठेही लंगडी नव्हती. मिनिट काटा मिनिटाला ६ अंश, तास काटा अर्धा अंश, म्हणून फरक साडेपाच अंशांचा, आणि त्यावरून १२ तासांत २२ काटकोन, अशी नीट उपपत्ती मी जोडली होती. उत्तर आले दोन शब्दांचे: "आक्षेप अमान्य". कारण नाही, तज्ज्ञांचे मत नाही, शुल्क तर परत मिळणारच नव्हते. शेवटी मी त्या कार्यालयात जाऊन विचारले, तेव्हा तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितले, "अहो, प्रत्येक तासात दोनदा काटकोन होतो की नाही? मग चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस." मी उपपत्तीचा कागद पुढे केला, त्यांनी तो उलटा करून मला परत दिला आणि तज्ज्ञ समितीचा निर्णय अंतिम असतो असे ऐकवले. तो एक गुण मला पुढे फार महागात पडला, पण ते राहू द्या.

त्या साहेबांचे पहिले वाक्य मात्र मी विसरलेलो नाही, कारण ते खरे आहे. प्रत्येक तासात काटकोन खरोखरच दोनदा होतो. चूक त्या वाक्यात नाही, त्यानंतरच्या गुणाकारात आहे. तुमच्या आक्षेपाने नेमके तिथेच बोट ठेवले पाहिजे. साडेपाच अंशांपासून सुरुवात केली तर वाचणारा आपल्या "तासाला दोन" वर ठाम राहतो आणि तुमचा कागद त्याच्या डोळ्यांखालून नुसता जातो.

दोन ते तीन हा तास घ्या. पहिला काटकोन २ वाजून २७ ३/११ मिनिटांनी होतो आणि दुसरा बरोबर ३ वाजता. आता तीन ते चार घ्या. पहिला काटकोन बरोबर ३ वाजता आणि दुसरा ३ वाजून ३२ ८/११ मिनिटांनी. दोन्ही तासांत दोन-दोन काटकोन आहेत, पण तीन वाजताचा काटकोन एकच असून तो दोन्ही तासांच्या खात्यावर मांडला गेला आहे. दोन तासांत मिळून चार नव्हे, तीनच काटकोन झाले. आठ ते नऊ आणि नऊ ते दहा या तासांत हेच होते: ८ वाजून २७ ३/११ मिनिटे, ९ वाजता, ९ वाजून ३२ ८/११ मिनिटे. बाकीच्या कोणत्याही तासात काटकोन तासाच्या ठोक्यावर येत नाही, म्हणून तिथे दुहेरी मोजणी होत नाही. तेव्हा १२ तासांत २४ मधून २ वजा, म्हणजे २२. आणि दिवसात तीन दोनदा वाजतात, नऊही दोनदा वाजतात, म्हणून ४८ मधून ४ वजा, म्हणजे ४४. एवढे कळायला साडेपाच अंश लागत नाहीत, भिंतीवरचे घड्याळ पुरते.

काटे एकमेकांवर येण्याच्या प्रश्नातही दोष अगदी हाच आहे, फक्त जागा बदलते. १ वाजून ५ ५/११, २ वाजून १० १०/११, ३ वाजून १६ ४/११ असे दर ६५ ५/११ मिनिटांनी काटे एकमेकांवर येत जातात. दहा ते अकरामध्ये ते १० वाजून ५४ ६/११ मिनिटांनी जुळतात आणि त्यानंतर थेट १२ वाजता. अकरा ते बारा या तासाचा वाटा म्हणजे १२ वाजताची गाठ, आणि बारा ते एक या तासाचा वाटाही तीच गाठ. ती दोन्हीकडे मोजली की १२ तासांचे १२ होतात आणि दिवसाचे २४. एकदाच मोजली की ११ आणि २२.

काटकोनाच्या सगळ्या वेळांची यादी तुम्ही आक्षेपात पूर्ण द्यावी असे माझे ठाम मत आहे. उपपत्ती अमान्य करायला सोपी असते. बावीस वेळांची यादी समोर असली की अमान्य करणाऱ्याला तेविसावी वेळ दाखवावी लागते आणि ती त्याला सापडत नाही. यादी करणेही अवघड नाही: पहिला काटकोन १२ वाजून १६ ४/११ मिनिटांनी, आणि पुढचा प्रत्येक त्याच्यानंतर ३२ ८/११ मिनिटांनी. अपूर्णांक अकराव्या भागातच ठेवा. ३२.७ असे दशांशात लिहून बेरीज करत गेलात तर बारा तासांच्या शेवटी अर्ध्या मिनिटाहून अधिक फरक पडतो, आणि तीन वाजता व नऊ वाजता येणाऱ्या ज्या वेळांवर सगळा मुद्दा उभा आहे, त्याच बिघडतात. यादीतली सहावी वेळ बरोबर ३ आणि सतरावी बरोबर ९ आली, तर बेरीज चोख झाली असे समजा. शेवटची वेळ ११ वाजून ४३ ७/११ मिनिटे यायला हवी.

साडेपाच अंशांची बाजू यादीनंतर, पडताळा म्हणून दोन ओळींत द्या. १२ तासांत मिनिट काटा १२ फेऱ्या मारतो, तास काटा एक. म्हणजे मिनिट काटा ११ फेऱ्यांची आघाडी घेतो. आघाडीच्या प्रत्येक पूर्ण फेरीत तो तास काट्यावर एकदा येतो, त्याच्या बरोबर विरुद्ध एकदा जातो आणि काटकोनात दोनदा सापडतो. म्हणून ११, ११ आणि २२.

आता दुसऱ्या प्रश्नावर शुल्क भरण्याआधी त्याची भाषा पुन्हा वाचा, कारण तिथे खरोखरच एक फट आहे. प्रश्नात "मध्यरात्री १२ पासून पुढच्या मध्यरात्री १२ पर्यंत, दोन्ही धरून" असे काही लिहिले असेल, तर सुरुवातीची, दुपारची आणि शेवटची अशा बाराच्या तीन गाठी मोजल्या जातात आणि उत्तर २३ होते. नुसते "एका दिवसात" असेल तर शेवटची मध्यरात्र दुसऱ्या दिवसाची, म्हणून २२. २४ मात्र कोणत्याही वाचनाने येत नाही, हे आक्षेपात आवर्जून लिहा. काटकोनाच्या प्रश्नाला ही अडचण नाही, कारण मध्यरात्री काटकोन नसतोच. तुमचा तो आक्षेप अधिक भक्कम आहे आणि एकाच प्रश्नाचे पैसे भरायचे असतील तर त्याचेच भरा.

असेच आणखी दोन प्रश्न पुढे भेटतील, त्यांवर मात्र आक्षेप घ्यायच्या फंदात पडू नका. "३ ते ९ च्या दरम्यान किती काटकोन" यात दोन्ही टोके काटकोनाचीच आहेत. ती धरली तर १२, सोडली तर १०, आणि "दरम्यान" या शब्दावरून काय धरायचे हे प्रश्न काढणाऱ्याच्या मनात असते. "काटे एका सरळ रेषेत किती वेळा येतात" हाही तसाच. एकमेकांवर आलेले काटेसुद्धा सरळ रेषेतच असतात, त्यामुळे दिवसात ४४ हेच माझ्या मते योग्य. पण प्रश्न काढणाऱ्याला विरुद्ध दिशा अभिप्रेत असेल तर २२. पर्यायांत दोन्ही आकडे देऊन खाली खुलासा न करणारे प्रश्न मी पाहिले आहेत आणि ते काढणाऱ्यांविषयी माझे मत इथे लिहिण्यासारखे नाही.

आक्षेपासोबत घड्याळाचा फोटो किंवा व्हिडिओ जोडण्याचा मोह टाळा. साधे क्वार्ट्झ घड्याळ सेकंदासेकंदाने टिकटिकत सरकते आणि काटे जुळण्याची वेळ, १२ सोडली तर, पूर्ण सेकंदावर कधीच येत नाही. १ वाजून ५ मिनिटे २७ ३/११ सेकंदांनी काटे जुळायला हवेत, पण घड्याळ २७ वरून २८ वर उडी मारते आणि नेमका तो क्षण दिसतच नाही. शंका घेणाऱ्याला तेवढेही निमित्त पुरते.

मजकूर साधारण असा ठेवा: "उत्तरतालिकेतील ४८ हे उत्तर प्रत्येक तासात दोन काटकोन धरून काढलेले दिसते. तथापि ३ वाजताचा काटकोन २ ते ३ व ३ ते ४ या दोन्ही तासांत, आणि ९ वाजताचा काटकोन ८ ते ९ व ९ ते १० या दोन्ही तासांत मोजला गेल्याने १२ तासांत दोन काटकोन अधिक धरले गेले आहेत. १२ तासांतील सर्व २२ वेळा सोबत जोडल्या आहेत. यांखेरीज अन्य वेळ असल्यास ती दर्शवावी, अन्यथा उत्तर ४४ असे दुरुस्त करावे." शेवटचे वाक्य काढू नका. "प्रामाणिक विद्यार्थ्यावर अन्याय" वगैरे मजकूर मात्र घालू नका. संदर्भ मागितला असेल तर मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तक चालते का ते सूचनापत्रात पाहून जोडा, कारण क्लासच्या नोट्स आणि गाइडे बहुधा मान्य होत नाहीत, आणि ४८ चा जन्मही अशाच एखाद्या गाइडात झाला असावा असा माझा संशय आहे.

तरीही कारण न देता अमान्य झाले, तर माहिती अधिकारात तुमच्या आक्षेपावरील तज्ज्ञांच्या अभिप्रायाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, ते न आल्यास प्रथम अपील करता येते. निकाल त्यासाठी थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. अर्जात "४८ कसे आले" असा प्रश्न विचारू नका, कारण खुलासा मागितला की माहिती नाकारली जाते. अभिप्रायाचा कागद मागा.