दोन मेल एकमेकांत अडकलेत, सुरुवात कुठून करायची

प्रश्न: नवीन लॅपटॉपवर जीमेल उघडायला गेलो तर कोड माझ्या आउटलुकच्या मेलवर पाठवलाय म्हणतंय. आउटलुक उघडायला गेलो तर ते लॉक, आणि त्याचा कोड जातो जीमेलवर. दोन्हीचे पासवर्ड आठवतात. जुना मोबाइल नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. आता काय करू?

उत्तर:

सगळ्यात आधी कोड मागवायचं थांबवा. मी हाच घोळ घालून बसलेलो म्हणून सांगतोय. माझेही दोन मेल, पहिल्याला आधार दुसऱ्याचा आणि दुसऱ्याला पहिल्याचा, तेव्हा वाटलेलं की काय हुशारी केलीय आपण. एका रविवारी दोन्ही एकदम अडकले आणि मी तासाभरात सात-आठ वेळा कोड मागवला. त्याने दोन गोष्टी झाल्या. नवीन कोड निघाला की आधीचा बाद होतो, त्यामुळे नंतर एक कोड हाती लागला तो जुनाच निघाला, आणि तोवर "खूप वेळा प्रयत्न झालेत, नंतर या" असं लिहून आलं आणि पुढचा अख्खा दिवस हात बांधून बसावं लागलं. तर दिवसातून एकदाच प्रयत्न, तोही नीट तयारी करून.

आता तुमच्या दोन गाठींपैकी सैल कुठली ते बघू. मला वाटतं आउटलुकची. पण "लॉक" हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, त्यामुळे स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. पासवर्ड टाकल्यावर "Your account has been locked" असं येत असेल तर मायक्रोसॉफ्टला खात्यावर काहीतरी संशयास्पद दिसलंय, स्पॅम वगैरे, म्हणून त्यांनी कुलूप घातलंय. हे कुलूप काढायला ते एक मोबाइल नंबर विचारतात आणि त्यावर एसएमएसने कोड पाठवतात. गंमत म्हणजे तो नंबर खात्याला आधीपासून जोडलेला असायची गरज नसते! एसएमएस येणारा कुठलाही नंबर चालतो, तुमचा नवा, बायकोचा, भावाचा. बरेच जण इथे जुना बंद नंबर आठवून रडत बसतात आणि परत जातात. तुमचा प्रकार हा असेल तर दहा मिनिटांत आउटलुक उघडेल, मग जीमेलचा कोड तिथे वाचता येईल, आणि खालचं उत्तर तुम्हाला वाचायचीही गरज नाही.

पण तसं न लिहिता नुसतं "तुमची ओळख पटवा" असं येत असेल आणि खाली जीमेलचा पत्ता अर्धा झाकून दाखवत असेल, तर खातं लॉक नाहीये, तुम्ही नवीन मशीनवरून आलात म्हणून विचारतायत. इथे कुठलाही नंबर चालणार नाही, जोडलेलाच लागेल. मग खरा गोल सुरू होतो.

अशा वेळी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मला हे कळायला तीन दिवस लागले. तुम्हाला मेलमध्ये *लॉगिन* करायचं नाहीये, तुम्हाला त्यातला *एक मेल वाचायचाय*. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सारखा नव्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकत होतो आणि बायको म्हणाली, अरे पण पोरगा ज्या टॅबवर कार्टून बघायचा त्यात तुझा मेल यायचा ना. टॅब कपाटात, काच फुटलेली, बॅटरी पार झोपलेली. दोन तास चार्जिंगला लावला, घरच्या वायफायला जोडला आणि मेलचं ॲप उघडलं तर सगळे मेल धडाधड खाली उतरायला लागले, त्यात ते सात-आठ कोडवाले पण. कारण तिथे लॉगिन दोन वर्षांपूर्वीच झालेलं, ॲपला परत कोणी काही विचारलंच नव्हतं. मग मी टॅब मांडीवर घेऊन लॅपटॉपवरून एकच कोड मागवला, टॅबवर आला, तिकडे टाकला, झालं.

म्हणून घरभर शोधा, आणि फक्त मोबाइल नाही. जुना फोन, टॅब, ऑफिसच्या पीसीवरचा ब्राउझर, थंडरबर्ड किंवा आउटलुकचं प्रोग्रॅमवालं रूप जिथे मेल आपोआप उतरतो, आयफोनचं स्वतःचं मेल ॲप. कधीकाळी एका मेलवरून तिसऱ्याच मेलवर फॉरवर्डिंग लावलं होतं का ते पण आठवा, लोक लावतात आणि विसरतात, आणि फॉरवर्डिंग लॉगिनशिवाय चालूच असतं. असं काही सापडलं की त्याला जपा. त्यावरून लॉगआउट करायचं नाही, फॅक्टरी रिसेट तर अजिबात नाही, आणि मुख्य म्हणजे घाबरून पासवर्ड बदलायचा नाही, कारण पासवर्ड बदलला की बाकीच्या डिव्हाइसवरचं लॉगिन बहुतेक वेळा तुटतं आणि तुमची एकमेव उघडी खिडकी तुम्हीच बंद केलेली असते.

जीमेलबद्दल एक मुद्दा, तो बहुतेकांना माहीत नसतो. गूगलच्या टू-स्टेपचा कोड ईमेलवर जातच नाही. तो एसएमएस, फोनवरचा "होय, मीच" वाला प्रॉम्प्ट, ऑथेंटिकेटर ॲप, पासकी नाहीतर बॅकअप कोड यांतून येतो. मग आउटलुकवर कोड पाठवलाय म्हणजे काय, तर ती अनोळखी मशीनवरून आल्यामुळे झालेली जादा तपासणी किंवा रिकव्हरीची वाट आहे. हे बरंच आहे तुमच्यासाठी, कारण या वाटेवर गूगल बाकीच्या खुणाही बघतं. तुम्ही नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वायफायवर, आधी वापरलेल्या मशीनवरच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये आहात का, याला तिथे चांगलंच वजन असतं. म्हणजे नवा लॅपटॉप बाजूला ठेवा, जुना काढा, चालत असेल तर घरी बसून accounts.google.com/signin/recovery उघडा. सायबर कॅफेतून किंवा व्हीपीएन लावून नको. एखादी वाट जमत नसेल तर "Try another way" दाबत पुढे जा, जुना पासवर्ड विचारला तर आठवेल तो द्या, एकही प्रश्न उगाच सोडून देऊ नका. कधीकधी ते लगेच उघडत नाहीत, काही तास किंवा काही दिवस थांबा म्हणतात, तेव्हा खरंच थांबायचं.

मोबाइल नंबरचा पण विचार करा, तो सोडून देऊ नका. बंद पडलेला नंबर आपल्याकडे ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. तेवढे झाले नसतील तर आधार घेऊन कंपनीच्या स्टोअरमध्ये जा आणि तोच नंबर परत चालू होतो का विचारा. दुकानदार नवीन नंबर घ्या म्हणून मागे लागेल, ऐकू नका. आणि सिम बदलून मिळालं तर त्याच संध्याकाळी कोड मागवू नका, कारण सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा दूरसंचार विभागाचा नियम आहे, फसवणूक टाळायला. तुम्हाला वाटेल नंबर चालू झाला, कॉल पण येतात, मग कोड का येत नाही, आणि परत सात-आठ वेळा मागवाल.

यातलं काहीच नाही जमलं तर मायक्रोसॉफ्टकडे लांबचा रस्ता आहे. ओळख पटवायच्या स्क्रीनवर "I don't have any of these" निवडा आणि नवीन सिक्युरिटी माहिती द्या, म्हणजे आत्ता हातात असलेला नंबर किंवा नवा मेल. मग ३० दिवस थांबायला लावतात. ते ३० दिवस मुद्दाम आहेत, चोराने असं केलं तर खऱ्या मालकाला कळून तो रद्द करू शकावा म्हणून. मध्ये काही उद्योग करू नका. account.live.com/acsr वर एक फॉर्म पण आहे, त्यात जुन्या मेलचे विषय, फोल्डरची नावं, कुणाला मेल पाठवले ते पत्ते असलं विचारतात, उत्तर साधारण २४ तासांत येतं आणि दिवसातून दोनदाच भरता येतो. पण तुमच्या आउटलुकला टू-स्टेप चालू असेल तर हा फॉर्म उपयोगाचा नाही, उगाच भरत बसू नका. तसाही पासवर्ड आठवतोय म्हणजे तुमची वाट ३० दिवसांचीच. उत्तर येण्यासाठी जो मेल द्याल तो तिसराच असू दे, याच दोघांपैकी एक देऊन नवीन गोल नको.

हो, आणि इथे खाली कोणीतरी नक्की येऊन लिहील की अमुक माणसाने माझं खातं काढून दिलं, व्हॉट्सॲप करा. करू नका. जीमेल रिकव्हर करून देणारा फुकट्या खात्यांसाठी गूगलचा फोन नंबर नसतो, गूगलवर शोधून जो सापडेल तो भामट्याचाच. कोणी पैसे घेऊन कोड विचारला तर तो तुमचा उरलासुरला मेल पण नेईल.

उघडल्यावर काय, तर आधी दोन्ही मेलमध्ये नवा नंबर घाला, पासवर्ड नंतर. गूगलमध्ये रिकव्हरी नंबर किंवा मेल बदलला तरी आठवडाभर कोड जुन्याकडे पाठवायचा पर्याय दिसू शकतो, त्याने गोंधळू नका. मग गूगलचे दहा बॅकअप कोड काढा आणि मायक्रोसॉफ्टचा २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड पण, दोन्ही कागदावर लिहा किंवा छापा. मेलमध्ये ठेवले तर परत तिजोरीची किल्ली तिजोरीतच. नवीन संच काढलात तर जुना बाद होतो, त्यामुळे कागदावर तारीख टाका. आणि दोघांपैकी एकाची रिकव्हरी तरी तिसऱ्या कुणाकडे वळवा, बायकोचा किंवा भावाचा मेल चालेल. मी माझा कागद लाइटबिलांच्या फायलीत ठेवलाय आणि तो फुटका टॅब महिन्यातून एकदा चार्ज करतो, पोराला वाटतं त्याच्यासाठी.

पहिल्या स्क्रीनवर नेमकं काय वाक्य येतंय ते लिहून टाका कमेंटमध्ये, पत्ता आणि नंबर झाकून, त्यावरून कुठली वाट ते सांगतो.