पहिला पॉवर सप्लाय बांधताना २३० व्होल्टची बाजू कशी सांभाळावी

प्रश्न: मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. विश्रामबागच्या खोलीवर १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ वापरून पॉवर सप्लाय बांधतो आहे. शॉक, धूर आणि चटके यांबाबत काय काळजी घ्यावी?

उत्तर: जिवाला धोका आहे तो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे, म्हणून आधी तिकडचे सांगतो. सर्किटला हात लावण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढून ती डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसले असेल, तर ते बंद असतानाही प्रायमरीवर फेज राहतो. पावसाळ्यात लाईट गेली की सप्लाय बंदच आहे असे समजून मुले प्रायमरीच्या वायरी हाताळतात आणि लाईट मात्र न सांगता परत येते. लाईट गेली तरी पिन काढावीच.

प्रायमरीचे जोड सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसती चिकटपट्टी उष्णतेने सुटते. फ्यूज आणि स्विच फेजच्या वायरीत असावेत आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा अर्थला जोडावा. त्यानंतर पिन बाहेरच ठेवून मल्टिमीटर ओहमवर लावावा. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये साधारण काही दहा ते काही शे ओहम दिसले पाहिजेत (स्विच चालू ठेवून), तर त्या दोन पिनांपासून गाभ्यापर्यंत आणि सेकंडरीपर्यंत काहीही दिसता कामा नये. शून्याच्या जवळचा आकडा आला, तर शॉर्ट आहे. पिन लावू नये. आकडे ठीक आले तरी पहिला सप्लाय कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोर, सिरीज दिव्यावरच द्यावा.

सेकंडरीकडे शॉकची भीती फारशी नाही, पण १२ व्होल्ट एसीचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते, त्यामुळे १६ व्होल्टचा कपॅसिटर चालत नाही, २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्यावा. तो उलटा जोडला तर फुटू शकतो, म्हणून पहिल्यांदा सप्लाय देताना चष्मा लावावा आणि तोंड लांब ठेवावे.

सोल्डरिंग आयर्नही २३० व्होल्टवरच चालते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तापलेले टोक त्याच्याच वायरीला टेकले की प्लास्टिक वितळून तांबे उघडे पडते. म्हणून स्टँड जड असावा आणि वायर टेबलाच्या मागच्या बाजूने न्यावी.

सोल्डरिंगचा धूर शिशाचा नसून फ्लक्समधल्या राळेचा असतो, कारण आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. मात्र राळेच्या धुरानेही दमा जडू शकतो. त्यामुळे डोके जोडाच्या थेट वर न धरता छोटा पंखा धूर खिडकीकडे ओढेल असा ठेवावा. शिसे पोटात जाते ते हातांवरून, म्हणून काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आयर्न हातातून सुटले तर पडू द्यावे, झेलू नये. भाजल्यास अंगठी लगेच काढून ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. फोड मोठा असेल किंवा कातडी पांढरी पडली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.