फोल्डर मेलने, पासवर्ड फोनवर

प्रश्न: गृहकर्जासाठी पॅन, पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट असं अख्खं फोल्डर एजंटला मेल करायचंय. पासवर्ड कसा लावू?

उत्तर: 7-Zip हा फोल्डरची एकच फाइल करून तिला पासवर्ड लावणारा प्रोग्रॅम वापरा. फोल्डरवर राइट क्लिक करून `Add to archive` उघडा, फॉरमॅट `7z` ठेवा, पासवर्ड टाका आणि `Encrypt file names` वर टिक करा. ही टिक करायची राहून गेली तर पासवर्डशिवाय फाइल उघडत नाही, पण आतली नावं कुणालाही वाचता येतात, आणि आपण बऱ्याचदा नावातच पॅन नंबर लिहून ठेवलेला असतो. पाठवण्याआधी स्वतः डबलक्लिक करून बघा: नावं दिसण्याआधीच पासवर्ड मागितला पाहिजे.

पासवर्ड म्हणून जन्मतारीख नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि फोन करून सांगा. दुसऱ्या मेलने पाठवलात तर मेलबॉक्समध्ये शिरणाऱ्याला कुलूप-किल्ली दोन्ही सापडतात.