फुली-गोळ्यात एकाच वेळी दोन धोके कसे उभे करायचे?

*भाच्याबरोबर फुली-गोळा खेळतो, नेहमी बरोबरीच होते. एका खेळीत दोन ठिकाणी जिंकायची सोय कशी करतात?*

घरांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली १ ते ९ आकडे द्या. पहिली फुली १ मध्ये, म्हणजे कोपऱ्यात. थोडंफार खेळणारा लगेच मधलं ५ घेतो, आणि ते बरोबरच आहे. आता तुम्ही समोरचा कोपरा घ्या, ९. मध्ये त्याचा गोळा असल्यामुळे ही फुली अगदी निरुपयोगी दिसते. सापळा तोच आहे.

बेसावध माणूस इथे कोपरा घेतो, समजा ३. आता ३-५-७ पुरी होऊ नये म्हणून तुम्हाला ७ अडवावंच लागतं, पण त्या एकाच फुलीने १-४-७ आणि ७-८-९ या दोन्ही ओळींत तुमच्या दोन-दोन फुल्या होतात. तो ४ बुजवेल तर तुम्ही ८ घ्या, ८ बुजवेल तर ४.

रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत वहीच्या मागच्या पानावर माझ्या पुतणीने मलाच यात अडकवलं. पलीकडचा धक्का येईपर्यंत मी ४ आणि ८ कडे बघत बसलो होतो!

मात्र ९ नंतर त्याने कडेचं घर, म्हणजे २, ४, ६ किंवा ८ घेतलं, तर डाव फसला. त्याने २ घेतलं की ५ मुळे ८ चा धोका तयार होतो, तुम्ही तो अडवत बसता आणि नीट खेळलं तर शेवटी बरोबरी. भाच्याला हे एकदा कळलं की दुसऱ्यांदा फसणार नाही.